दोघांचं जुळतं तेवढंच

लग्नाच्या वेबसाइटवर लोक काय वाचतात ते थोरलीला विचारावं. पाहुणे आधी हॉलचा पत्ता बघतात, मग गाडी लावायला जागा आहे का ते बघतात, आणि मग येणार की नाही हे कळवायचं बटण दाबायचं सोडून 'आमची गोष्ट' नावाचं पान उघडून बसतात. दुसऱ्याच्या प्रेमात कोणाला रस नसतो? पण तो रस मोबाइलच्या दोन-चार स्क्रीनपुरताच टिकतो, त्यापुढे अंगठा घसरतो. म्हणून कोणाची पाच वर्षं असोत नाहीतर बारा, सगळी पाच चौकटींत बसवायची. प्रत्येक चौकटीत एक फोटो आणि त्याखाली चार-सहा वाक्यं. थोरली हे काम करायची आणि झकास करायची.

ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक लांबट खोली. मालकीण मॅडम, एक डिझायनर, हिशेब बघणारा एक जण आणि थोरली. भिंतीवर पांढरा फळा, आणि फळ्यावर मॅडमच्या ठसठशीत अक्षरात कामाचे नियम. मुलाशी आणि मुलीशी वेगवेगळं बोलायचं, कारण समोरासमोर बसवलं की एकटाच बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. एक अडचण हवीच, नाहीतर गोष्ट गुळमट होते. आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईत: दोघांचं जुळत नसेल तो तपशील गाळा.

हा शेवटचा नियम मॅडमना अनुभवाने सुचला होता. पहिल्या भेटीला शर्ट पांढरा होता की आकाशी, आधी मेसेज कोणी केला, रुसलं कोण आणि मनवलं कोणी, यावर जोडप्यांची अशी जुंपायची की मसुदा महिनाभर मंजूर व्हायचा नाही. पान प्रकाशित व्हायला दोघांचाही होकार लागायचा. तेव्हा शर्टाचा रंगच नको. 'त्या संध्याकाळी ती दोघं भेटली' एवढं पुरे. थोरलीने या नियमावर ढीगभर लग्नं निभावून नेली होती.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा आईने साहजिकच फर्मान काढलं. "घरात लिहिणारी बसलीय आणि आपण काय बाहेरून लिहून घ्यायचं?"

धाकटी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून बसली होती. ती शाळेत चित्रकला शिकवायची आणि होणाऱ्या नवऱ्याबरोबर आधीपासूनच एका घरात राहायची. उजवा हात मोडून दीड-दोन वर्षं झाली होती, तरी भरलेला कप ती अजून एका हाताने उचलत नसे. "लिही गं ताई," ती म्हणाली. "मग मी वाचून ठरवते."

"काय ठरवतेस?"

"लग्न करायचं की नाही ते."

आई हसली, धाकटीही हसली. थोरलीही हसली, पण तिला आपल्या कपाटावरची बॅग आठवली. गेल्या वर्षी धाकटी अचानक एका दुपारी तिच्याकडे आली होती. काही बोलली नाही, नुसती झोपून राहिली, आणि दोन दिवसांनी परत गेली. जाताना एक निळी बॅग कपाटावर ढकलून म्हणाली होती, "राहू दे इथे. असू दे." थोरलीने नंतर एकदा उघडून पाहिली, तर आत चार कपडे, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि ब्रशांचा संच होता. भांडण झालं असेल, म्हणून तिने चेन लावून टाकली. भांडणं कुणाची होत नाहीत? पण बॅग परत न्यायचं नाव धाकटीने काढलं नव्हतं, आणि हॉलवाल्याला पक्कं कळवायचंही ती आज-उद्या करत टाळत होती. आईला वाटायचं, पोरगी आळशी आहे. थोरलीला कळत होतं की हिचं मन अजून उंबरठ्यावर आहे. एक पाय आत, एक बाहेर.

तर थोरली कामाला लागली. धाकटीशी ती मधल्या सुट्टीत फोनवर बोलली. मागे पोरांचा कल्ला चालला होता. पहिली भेट चष्म्याच्या दुकानातली. दोघांनी सारखीच फ्रेम केली होती आणि तो हिचा चष्मा लावून घरी गेला. पुढे दोन दिवस त्याला जग धूसर दिसलं आणि त्याला वाटलं, आपल्याला काहीतरी मोठं दुखणं लागलंय. थोरली मनापासून हसली. अशी पहिली चौकट रोज मिळत नाही.

"आणि अडचण?" तिने विचारलं. "काहीतरी कठीण, जे दोघांनी मिळून पार केलं."

पलीकडे धाकटीने कोणा पोराला बाहेर पिटाळलं.

"हात मोडला होता ना माझा," धाकटी म्हणाली. "ते घाल."

"बरोब्बर! कसा मोडला होता गं? आई नुसतं पडली म्हणाली होती."

"स्कूटरवरून." धाकटीने शब्द अगदी सावकाश उच्चारला. "माझ्या निळ्या स्कूटरवरून पडले. लिहिलंस?"

"लिहिलं. पुढे?"

"पुढे काय, त्यानेच दवाखान्यात नेलं. घास भरवायचा. वेणी घालायला शिकला. फार जपलं त्याने." मग म्हणाली, "स्कूटर लिहिलंस ना, ताई?"

"लिहिलं म्हटलं ना चिमणे," थोरली म्हणाली. तिचं लक्ष वेणीकडे होतं. पुरुषमाणूस वेणी घालायला शिकतो, यावर पाहुण्या बायका जीव टाकणार हे तिला दिसत होतं. कामात असली की ती बहीण नसायची, फक्त कान असायची, आणि तो कान चांगली वाक्यं तेवढी वेचायचा.

नवरा मुलगा दुसऱ्या दिवशी ऑफिसातच आला. इस्त्रीचा शर्ट, हातात सगळ्यांसाठी बिस्किटांचा डबा. खुर्चीत बसण्याआधी त्याने मॅडमना विचारलं, "बसू ना?" मॅडम तिथेच गार. बोलायलाही गोड. चष्म्याची गोष्ट त्याने अशी रंगवली की डिझायनरने हेडफोन काढून ऐकली. मग त्या दोघांनी मिळून घेतलेली पहिली गाडी. जुनीच होती, पण त्यासाठी हिने लाडकी स्कूटर विकली, याचं त्याला अजून वाईट वाटतं म्हणाला.

"मीच घेतली की ती," डिझायनर म्हणाला. "खालीच उभी आहे." ते गिऱ्हाईक थोरलीनेच मिळवून दिलं होतं. रोज जिना चढताना तिला ती निळी स्कूटर दिसायची.

"आणि तिच्या हाताचं..." थोरलीने विषय काढला.

"बाथरूममध्ये घसरली," तो लगेच म्हणाला. "मी बाहेरच्या खोलीत होतो. आवाज आला तसा धावलो. फरशी ओली होती."

थोरलीचं पेन थांबलं. 'स्कूटर', तिच्या कागदावर होतं. 'बाथरूम', आता तिने खाली लिहिलं. क्षणभर तिने दोन्ही शब्दांकडे पाहिलं. तो समोर बसून शांतपणे बघत होता, आणि फळा त्याच्या डोक्यामागेच होता. जोडपी वर्षं विसरतात, प्रसंगांची सरमिसळ करतात, हे तिने शंभरदा पाहिलं होतं. तिने दोन्ही शब्दांवर आडवी रेघ मारली.

"आणि वेणी?" तिने विचारलं.

"ती सांगितली का तिने?" तो लाजला.

वेणीवर दोघांचं जुळत होतं.

पान सुरेख झालं. थोरलीने आजवर लिहिलेल्यांत उजवं. चौथी चौकट तर तिने बसल्या बैठकीत लिहिली आणि तिचेच डोळे भरून आले:

'मग एक कठीण काळ आला. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. जिच्या हातात ब्रश शोभतो, तिला चमचाही धरता येईना. तो तिच्याजवळ बसून राहिला. घास भरवले. वेणी घालायला शिकला, पहिल्या दिवशी वाकडी, मग सरळ. त्या दिवसांत दोघांनाही कळलं, की आता कोणी कोणाला सोडून जाणार नाही.'

आणि पाचवी, शेवटची, मुद्दाम छोटी: 'आजही शाळा सुटते तेव्हा गेटवर तो उभा असतो. रोज. एकही दिवस न चुकता.'

फोटो डिझायनरने चौकोनात बसवले. चौथ्या चौकटीच्या फोटोत तो मागे उभा होता आणि त्याचा पंजा तिच्या खांद्यावर होता. चौकोनात चेहरे मोठे दिसावेत म्हणून त्याने खालचा भाग कापला, त्यात पंजाही गेला. उरले दोन हसरे चेहरे. मसुदा मंजुरीसाठी दोघांना गेला. त्याचा होकार तासाभरात आला. धाकटीचा काही येईना.

तिसऱ्या दिवशी धाकटीचाच फोन आला. ती रडत होती.

"वाचलं मी. खूपदा वाचलं." नाक ओढत ती म्हणाली. "चौथं तू असं लिहिलंस होय?"

"आवडलं नाही का?"

"किती छान लिहिलंयस गं. माझंच आहे असं वाटत नाही." मग म्हणाली, "तुला सगळं ऐकून असंच वाटलं ना ताई? म्हणजे... हे असंच लिहावं असं?"

"अगं, मला वाटलं म्हणून तर लिहिलं! तुमचं खरंच असं आहे, वेडाबाई. माणसाला आपलं आपल्याला दिसत नाही."

"बरं," धाकटी म्हणाली. "मग ठीक आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "ती बॅग परत दे पाठवून. आता कशाला तिथे."

थोरलीला इतका आनंद झाला की तिने आईला फोन करून सांगितलं, पोरगी मार्गी लागली एकदाची. धाकटीने होकाराचं बटण दाबलं, हॉलवाल्याला पक्कं कळवलं, दुवा सगळ्या पाहुण्यांना गेला. बॅग न्यायला नवरा मुलगाच आला, वाटेत होता म्हणून. थोरलीने स्टुलावर चढून ती कपाटावरून काढली, फडक्याने धूळ पुसली आणि त्याच्या हातात दिली.

"काय आहे यात?" त्याने विचारलं.

"काही नाही, तिचे कपडे अन् कागदपत्रं. असंच ठेवली होती गेल्या वर्षी."

"अस्सं," तो म्हणाला. बॅग त्याने हातात तोलून पाहिली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

आठवडाभर कौतुकाचा नुसता पाऊस पडत होता. आईने पान शेजारणींना वाचून दाखवलं, वेणीपाशी दर वेळी डोळे पुसले. मॅडमनी ते नव्या गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायला घेतलं. मग आत्याचा फोन आला. आत्या म्हणजे जन्मभर शाळेत शिकवून निवृत्त झालेली, तिला लग्नपत्रिका दिली तरी ती आधी चुका शोधायची.

"चांगलं आहे," आत्या म्हणाली. तिच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदकच. "पण एक गफलत आहे. पोरीचा हात कशाने मोडला ते लिहिलंच नाहीस. एकदम प्लास्टर! वाचणारा अडखळतो."

"अगं आत्या, स्कूटरवरून पडली ती."

"कुठली स्कूटर?"

"तिची. निळी."

"ती तर विकली ना? तिसऱ्यात तूच लिहिलंयस. स्कूटर विकून गाडी घेतली, आणि चौथ्यात हात मोडला. मग पडली कुठून?" आत्या खूश झाली होती. "म्हणून सांगते, स्वतःचं लिहिलेलं पुन्हा वाचावं माणसाने."

थोरली ऑफिसच्या जिन्यात उभी होती. खाली औषधाच्या दुकानासमोर डिझायनरची निळी स्कूटर उभी होती. ती तिच्याकडे बघत राहिली. आत्या पुढे काहीतरी आणखी सांगत होती. धाकटी स्कूटरवरून पडलीच नव्हती. मग ती स्कूटरच का म्हणाली? थोरलीने स्वतः विकून दिलेली, रोज डोळ्यांसमोर असलेली स्कूटर? 'लिहिलंस ना, ताई?' दोनदा विचारलं होतं तिने. थोरलीने फोन ठेवला, पर्स घेतली आणि मॅडमना काही न सांगता निघाली.

शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत दोऱ्यावर ओले कागद चिमट्यांनी वाळत टाकले होते. तास संपला होता. धाकटी बेसिनशी उभी राहून ब्रश धूत होती, डाव्या हाताने. थोरलीला बघून तिला नवल वाटलं नाही, किंवा वाटलंही असेल, पण तिने दाखवलं नाही.

"हात कसा मोडला?" थोरलीने विचारलं. दार लावायचंही तिला सुचलं नाही.

धाकटीने नळ बंद केला. ब्रश एकेक करून फडक्यावर पालथे मांडले.

"आत्ता विचारतेस?"

"चिमणे..."

"मी तुला स्कूटर सांगितलं. मला दुसरं बोलताच येईना, तोंडातून निघतच नव्हतं. म्हटलं, ताईला माहितीये स्कूटर विकली ते. ती म्हणेल, काय बडबडतेस, खरं सांग. मग मी सांगेन." ती शांतपणे बोलत होती, मुलांना रंग कसे मिसळायचे ते सांगावं तसं. "त्याने तुला बाथरूम सांगितलं, तेही मला कळलं. त्यानेच घरी येऊन सांगितलं. मग तर मी वाटच बघत बसले. म्हटलं, आता ताईकडे दोन्ही आहेत. आता ती येईलच."

"मला वाटलं तुमचा घोटाळा झाला असेल. आमच्याकडे नियम असतो, दोघांचं जुळलं नाही की..."

"माहितीये. तूच हसत हसत सांगायचीस." धाकटीने फडकं घडी केलं. "मग पान आलं. स्कूटर नाही, बाथरूम नाही, काहीच नाही. नुसतं प्लास्टर आणि वेणी. मी खूपदा वाचलं. मला वाटलं, ताईला कळलं. सगळं कळलं, आणि तिने ठरवलं की हे गाळण्यासारखंच आहे. एवढं काही नाही त्यात. बाकीचं चांगलं आहे ना, तेच धरून चालावं. मी तुला विचारलंसुद्धा फोनवर."

थोरलीला ते आठवलं. शब्द न् शब्द आठवला. तुमचं खरंच असं आहे, वेडाबाई.

"चल," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता चल माझ्याकडे. लग्न गेलं खड्ड्यात. मी बघते आईचं, हॉलचं, सगळ्यांचं. पर्स घे."

"बॅग तू त्याच्या हातात दिलीस, ताई."

"बॅगचं काय घेऊन बसलीस?"

"त्याने उघडली. प्रमाणपत्रं बघितली, ब्रश बघितले. म्हणाला, गेल्या वर्षीपासून जायची तयारी होती म्हणजे. बाकी काही बोलला नाही." धाकटीने उजवं मनगट डाव्या हातात धरलं. "ओरडला असता तर बरं झालं असतं."

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. व्हरांड्यातून पोरांचा लोंढा धावत गेला. धाकटीने झटकन पर्स उचलली, केस नीट केले.

"मागच्या दाराने जाऊ," थोरली म्हणाली.

"मागे दार नाहीये." धाकटी हसल्यासारखी झाली. "आणि तो गेटवर असेल. रोज असतो. तूच लिहिलंयस ते."

थोरलीने तिचा हात धरला, डावा, आणि दोघी मैदान ओलांडून निघाल्या. गेटपाशी आईबाप, दप्तरं, रिक्षा यांची गर्दी होती. तिने मनाशी पक्कं केलं होतं. इतक्या लोकांत तो काय करणार? इथेच, चारचौघांत विचारायचं. धाकटीला नुसतं तोंड उघडायला एक जागा हवी होती, ती आपण दिली नाही. आता देऊ.

तो गाडीला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट. त्यांना बघून सरळ झाला.

"अरे, ताई! तुम्ही इकडे?" तो मोकळं हसला. "पान सगळ्यांना फार आवडलंय बरं का. माझे साहेबसुद्धा म्हणाले, काय लिहिलंय!"

"एक दुरुस्ती करायचीय त्यात," थोरली म्हणाली. आवाज तिने मुद्दाम चढवला. शेजारच्या दोन बायकांनी वळून बघितलं. "हिचा हात कसा मोडला, ते घालायचंय."

त्याचं हसू तसंच राहिलं. "सांगितलं होतं की मी. बाथरूममध्ये घसरली."

"तुमचं झालं. आता तिला विचारते." थोरली धाकटीकडे वळली. तिचा हात तिने घट्ट दाबला. "सांग चिमणे. मी आहे इथे. कसा मोडला?"

धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याने फक्त गाडीचं दार उघडलं आणि धरून ठेवलं. मागच्या सीटवर निळी बॅग होती.

"बाथरूममध्ये," धाकटी म्हणाली. "फरशी ओली होती."

तिने आपला हात सोडवून घेतला, पुढच्या सीटवर बसली आणि पट्टा लावला. त्याने दार हळूच लावून घेतलं, थोरलीला वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मग घाला ना ताई तेवढं. आता काय, दोघांचं जुळतंय."